नूनन सिंड्रोम : उंचीची रेषा कशी वाचावी

जन्मजात हृदयदोष, कमी उंची आणि चेहऱ्याची विशिष्ट ठेवण ही तीन लक्षणे एकाच मुलात एकत्र आढळली, की बालरोगतज्ज्ञांच्या मनात ज्या जनुकीय विकारांचा विचार प्रथम येतो त्यांत नूनन सिंड्रोम अग्रभागी असतो. साधारणपणे दर 1000 ते 2500 जन्मांमागे एका बालकात हा विकार आढळतो, म्हणजे तो दुर्मीळ मानला जात असला तरी एखाद्या मोठ्या तालुक्यात अशी अनेक मुले असणे स्वाभाविक आहे. जॅकलिन नूनन या अमेरिकी बालहृदयरोगतज्ज्ञ होत्या. फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद असलेल्या काही मुलांचे चेहरे एकमेकांशी नात्यातल्यासारखे मिळतेजुळते आहेत आणि ती सारीच ठेंगणी आहेत, हे 1960च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या लक्षात आले. 1968 साली त्यांनी अशा 19 रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांचेच नाव या विकाराला मिळाले.

या मुलांच्या वाढीविषयी पालकांच्या मनात जी भीती असते, तिचा बराचसा भाग वाढीचा आलेख कसा वाचावा हे न कळल्यामुळे निर्माण झालेला असतो. आणि उलट बाजूने, खरोखर लक्ष देण्यासारखी घसरण ‘हे तर या विकारात होतेच’ म्हणून दुर्लक्षिली जाते. म्हणून या विकारात उंची कोणत्या टप्प्यावर, किती आणि का मागे पडते, आणि कोणती घट विकाराची स्वतःची व कोणती अन्य कारणाची, हे ओळखण्याचा मार्ग पुढे मांडला आहे.

विकाराचे मूळ पेशींच्या आत चालणाऱ्या एका संदेशवहनात आहे. पेशीच्या पृष्ठभागावर आलेला ‘वाढ’, ‘विभाजन’ किंवा ‘थांब’ असा रासायनिक निरोप आतल्या केंद्रकापर्यंत पोचविणारी प्रथिनांची एक साखळी असते. तिला रास-मॅपके मार्ग असे म्हणतात. या साखळीतल्या एखाद्या प्रथिनाच्या जनुकात बदल झाला, की मार्ग गरजेपेक्षा अधिक काळ सुरू राहतो. सुमारे निम्म्या रुग्णांत हा बदल बाराव्या रंगसूत्रावरील पीटीपीएन११ या जनुकात असतो, आणि हा संबंध 2001 साली उघडकीस आला. उरलेल्यांत एसओएस१, आरएएफ१, आरआयटी१ अशी अन्य जनुके कारणीभूत असतात. गर्भावस्थेत हृदयाच्या झडपा घडविण्यात, चेहरा व मान यांना आकार देण्यात आणि जन्मानंतर हाडांच्या वाढीत हाच मार्ग काम करीत असल्यामुळे वरवर असंबद्ध दिसणारी ही लक्षणे एकाच व्यक्तीत एकत्र येतात.

चेहऱ्याच्या खुणा तान्ह्या वयात अधिक ठळक असतात: दोन डोळ्यांमधले अंतर जास्त, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली झुकलेले, पापण्या किंचित ओघळलेल्या, कान नेहमीपेक्षा खाली व मागे वळलेले, मान आखूड व दोन्ही बाजूंना त्वचेची घडी असलेली, मागच्या केसांची रेषा खाली उतरलेली. किशोरवयात चेहरा त्रिकोणी होत जातो आणि प्रौढपणी या खुणा इतक्या पुसट होतात, की बाळाचे निदान झाल्यावर वडिलांचा किंवा आईचा बालपणीचा फोटो पाहिला तेव्हाच त्यांनाही हाच विकार असल्याचे लक्षात येते, असे अनेकदा घडते. आईवडिलांपैकी एक बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता 50 टक्के असते. मात्र पुष्कळ मुलांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो.

निदानाच्या वाटेवर एक चूक वारंवार होते, ती येथेच सांगणे आवश्यक आहे. ठेंगणी उंची व मानेची घडी दिसल्यावर रंगसूत्रांची तपासणी केली जाते, कारण मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम हा एक्स रंगसूत्राच्या अभावाने होणारा विकार साधारण असाच दिसतो. नूननमध्ये रंगसूत्रांची संख्या व रचना पूर्ण सामान्य असते, म्हणून तो अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि कुटुंब निश्चिंत होऊन घरी परतते. रंगसूत्रे सामान्य असल्याने नूनन नाही असे मुळीच सिद्ध होत नाही. त्यासाठी संबंधित जनुकांचा संच एकत्र तपासणारी वेगळी चाचणी लागते. तीही काही रुग्णांत निष्फळ ठरते, आणि तेव्हा अनुभवी जनुकतज्ज्ञाने लक्षणांवरून केलेले निदान ग्राह्य धरून पुढची देखरेख सुरू ठेवावी लागते.

आता मुख्य विषयाकडे वळता येईल. या मुलांचे जन्माच्या वेळचे वजन व लांबी बहुधा सामान्य असते. काहींच्या अंगावर लसिकावाहिन्यांतील दोषामुळे सूज असल्याने वजन खऱ्यापेक्षा जास्तच भरते आणि सूज उतरताच ते झपाट्याने घटते. त्यानंतरचे पहिले वर्ष सर्वांत कठीण असते. बहुसंख्य बाळांना दूध ओढताना दम लागतो, चोखण्याची ताकद अपुरी असते, वारंवार उलटी होते, आणि काहींना काही महिने नाकातून पोटात घातलेल्या नळीने दूध द्यावे लागते. या काळात आधी वजनाची आणि मागोमाग लांबीची रेषा खाली येते. दूध पिताना कपाळावर घाम येणे, श्वास जलद होणे किंवा ओठ निळसर होणे ही लक्षणे मात्र केवळ पाजण्याच्या अडचणीची नसून हृदयावर ताण असल्याची असू शकतात. ती दिसल्यास पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. खाण्याच्या अडचणी साधारण दीड वर्षाच्या सुमारास बहुतेकांत आपोआप कमी होतात.

येथून पुढे वजन सावरते, पण उंची सामान्य रेषेकडे परत चढत नाही. पुष्कळ पालकांना वाटते, की झडपेची शस्त्रक्रिया झाली किंवा फुग्याने झडप रुंद केली, की मूल उंचीत भरून काढील. तसे होत नाही, कारण ठेंगणेपणा हा हृदयदोषाचा परिणाम नसून दोन्ही गोष्टी एकाच जनुकीय कारणाच्या दोन शाखा आहेत. पीटीपीएन११मधील बदल असलेल्या अनेक मुलांत मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक पुरेसे स्रवते, परंतु पेशीच्या आतला बिघडलेला संदेशमार्ग त्या संप्रेरकाचा निरोप दाबतो. परिणामी यकृतातून व हाडांच्या टोकांशी तयार होणारे आयजीएफ-१ हे प्रथिन, ज्याच्या द्वारे संप्रेरक प्रत्यक्ष वाढ घडवून आणते, कमी प्रमाणात तयार होते. म्हणून दोन वर्षांनंतर तूप, सुका मेवा, प्रथिनांची पावडर किंवा ‘उंची वाढविणारी’ औषधे देऊन या रेषेत फरक पडत नाही. पडतो तो फक्त वजनात.

हे सारे एका कल्पित मुलाच्या आकड्यांवर पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. या मुलाची लांबी जन्मतः 49 सेंटीमीटर, एक वर्षाला 70, दोन वर्षांना 80, तीन वर्षांना 87, चार वर्षांना 93 आणि पाच वर्षांना 98.5 सेंटीमीटर नोंदली गेली असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार मुलग्यांची सरासरी त्याच वयांना 49.9, 75.7, 87.8, 96.1, 103.3 आणि 110 सेंटीमीटर असते. सरासरीपासूनचा फरक सेंटीमीटरमध्ये मोजला तर तो जन्मतः 0.9 होता, एक वर्षाला 5.7 झाला, दोन वर्षांना 7.8, तीनला 9.1, चारला 10.3 आणि पाचव्या वर्षी 11.5 झाला. हे आकडे पाहून मूल दर वर्षी अधिकाधिक मागे पडते आहे, असाच निष्कर्ष कोणीही काढील.

तो निष्कर्ष चुकीचा आहे. वय वाढते तसे सर्वच मुलांच्या उंचीतील परस्पर फरक वाढत जातात, त्यामुळे सेंटीमीटरमधील अंतराने तुलना करता येत नाही. संख्याशास्त्रात त्यासाठी प्रमाण विचलन हे एकक वापरतात: त्या वयाच्या निरोगी मुलांची उंची सरासरीच्या आजूबाजूला जितकी विखुरलेली असते त्याचे ते माप होय, आणि सरासरीच्या खाली दोन प्रमाण विचलने ही रेषा ठेंगणेपणाची सीमा मानली जाते. एका वर्षाच्या मुलग्यांत हे एकक सुमारे 2.4 सेंटीमीटर असते, तर पाचव्या वर्षी ते सुमारे 4.6 होते. या हिशेबाने पाहिले तर कल्पित मूल जन्मतः सरासरीच्या अर्धे एकक खाली होते, एका वर्षात ते सुमारे अडीच एकके खाली आले, आणि त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत जवळजवळ त्याच पातळीवर राहिले. खरी घसरण पहिल्या वर्षात घडली. पुढची चार वर्षे रेषा सीमेखाली असूनही तिला समांतर चालली आहे, आणि नूनन सिंड्रोममध्ये हेच अपेक्षित आहे.

याच मुलाची पाचव्या वर्षीची उंची 98.5 ऐवजी 96 भरली असती, तर? चौथ्या ते पाचव्या वर्षात त्याने केवळ तीन सेंटीमीटर उंची मिळविली असा त्याचा अर्थ होतो, आणि ते सरासरीच्या तीन एकके खाली गेले असते. समांतर चालणारी रेषा या वयात अशी वळली, तर ती केवळ नूननमुळे वळली असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला चार ते पाच सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर अन्य कारण शोधलेच पाहिजे. या मुलांत थायरॉइड ग्रंथीचा दोष, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिअक आजार, हृदयाच्या स्नायूचा वाढता जाडपणा, वाकत चाललेला कणा, आणि क्वचित वाढीच्या संप्रेरकाची खरी कमतरता, यांपैकी काहीही असू शकते. रक्ताच्या साध्या चाचण्या, टूडी एको आणि हाताच्या एक्स-रेवरून ठरविलेले हाडांचे वय एवढ्यावर बहुतेक प्रश्न सुटतात.

एवढा बारीक फरक ओळखायचा तर मोजमाप अचूक हवे, आणि या मुलांत ते चुकण्याच्या काही खास जागा आहेत. दोन वर्षांपर्यंत बाळाला सपाट फळीवर आडवे ठेवून, एकाने डोके आणि दुसऱ्याने पाय धरून लांबी मोजावी. त्यानंतर भिंतीला टाचा टेकवून उभे करून मोजावे. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे 0.7 सेंटीमीटरने जास्त भरते, म्हणून दोन पद्धतींच्या नोंदी एकमेकींशी जोडताना तेवढे वजा करावे. वरच्या उदाहरणात दोन वर्षांची नोंद आडवी आणि तीनची उभी आहे, हे लक्षात घ्यावे. पापण्या ओघळलेल्या मुलांना समोर पाहण्यासाठी हनुवटी वर उचलण्याची सवय असते, आणि तशा अवस्थेत मोजल्यास उंची चुकीची येते. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत येतील असे डोके धरावे. छातीचा आकार बदललेला असणे व कणा वाकणे या विकारात सामान्यपेक्षा अधिक आढळते, आणि वाकलेला कणा उंचीची नोंद खोटीच कमी दाखवितो, म्हणून प्रत्येक वार्षिक तपासणीत पाठ उघडी करून पाहावी. पहिल्या तीन वर्षांत वर्षातून तीनदा आणि पुढे किमान वर्षातून एकदा, शक्यतो सकाळी व त्याच साधनाने मोजणे योग्य. अंगणवाडीतील, शाळेतील आणि दवाखान्यातील वेगवेगळ्या फूटपट्ट्यांवरच्या नोंदी एका आलेखात मिसळल्या, तर अर्थहीन चढउतार दिसू लागतात.

कोणता आलेख वापरावा, हाही प्रश्न आहे. भारतात पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा आणि पुढे 18 वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली प्रसिद्ध केलेला आलेख वापरतात. खास नूनन सिंड्रोमसाठीचे आलेखही उपलब्ध आहेत, परंतु त्यांपैकी प्रचलित आलेख 1980च्या दशकात पाश्चात्त्य देशांतील तुलनेने थोड्या रुग्णांवरून तयार केलेले आहेत. मूल त्याच विकाराच्या इतर मुलांच्या तुलनेत कोठे आहे हे कळण्यापुरता त्यांचा उपयोग करावा. भारतीय मुलाचे प्रौढ वयातील माप त्यांवरून वर्तविणे उचित नाही. तसेच आईवडिलांच्या उंचीवरून मुलाची अपेक्षित उंची काढण्याचा जो प्रचलित हिशेब आहे, म्हणजे मुलग्यासाठी दोघांच्या उंचीच्या बेरजेत 13 मिळवून निम्मे करणे, तो येथे सावधपणे वापरावा. वडील 168 आणि आई 155 सेंटीमीटर असेल तर उत्तर 168 येते, आणि मूल त्यापासून किती दूर आहे ते कळते. वडील 158 सेंटीमीटरचे आणि स्वतःच अनिदानित नूनन असतील, तर मात्र हाच हिशेब 163 दाखवितो आणि ‘घराण्यातच उंची कमी’ अशी चुकीची समजूत घालून देतो.

आलेखातली दुसरी घसरण अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान दिसते आणि तीच सर्वांत जास्त मनस्ताप देते. या मुलांत वयात येण्याची प्रक्रिया साधारण दोन वर्षे उशिरा सुरू होते आणि हाडांचे वयही तितकेच मागे असते. वर्गातील मुले एका वर्षात आठ-दहा सेंटीमीटर वाढत असताना हे मूल पूर्वीच्याच चार-पाच सेंटीमीटरच्या गतीने वाढते, त्यामुळे समांतर चाललेली रेषा अचानक खाली कोसळल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात मूल थांबलेले नसून बरोबरीची मुले पुढे निघालेली असतात. नंतर याची स्वतःची वाढीची झेप येते, परंतु ती सामान्यांच्या झेपेपेक्षा बरीचशी तोकडी असते. मात्र हाडांची टोके उशिरा जुळत असल्याने वाढ विशीपर्यंत, कधी त्याही पुढे, हळूहळू सुरू राहते. उपचार न घेतलेल्या जर्मन रुग्णांच्या 1988 सालच्या एका अभ्यासात प्रौढ पुरुषांची सरासरी उंची 162.5 आणि स्त्रियांची 152.7 सेंटीमीटर आढळली होती. हाडांचे वय मागे आहे म्हणजे ‘अजून खूप उंची शिल्लक आहे’, असा जो दिलासा कधीकधी दिला जातो, तो या तोकड्या झेपेमुळे पूर्णपणे खरा ठरत नाही. मुलीत 13 आणि मुलग्यात 14 वर्षांनंतरही वयात येण्याच्या खुणा नसतील तर अंतःस्रावतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुलग्यांत अंडकोष जन्मतः खाली न उतरण्याचे प्रमाण फार मोठे असल्याने ती शस्त्रक्रिया साधारण पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास झालेली असावी. आणि या विकारात रक्त गोठण्याचे दोष आढळत असल्यामुळे, कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या चाचण्या करून घेणे अत्यावश्यक आहे.

वाढीच्या संप्रेरकाचे इंजेक्शन हा आज उपलब्ध असलेला उंचीवरचा एकमेव परिणामकारक उपचार आहे. अमेरिकेत 2007 साली नूनन सिंड्रोममधील ठेंगणेपणासाठी त्याला मान्यता मिळाली. रोज झोपण्यापूर्वी त्वचेखाली दिल्या जाणाऱ्या या औषधाची तेथील कमाल मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे 0.066 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 15 किलोच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त सुमारे एक मिलिग्रॅम; अनेक तज्ज्ञ याच्या निम्म्यापासून सुरुवात करून आयजीएफ-१च्या पातळीनुसार ती वाढवितात. पहिल्या वर्षी वाढीची गती सर्वाधिक असते आणि नंतर ओसरते. निरनिराळ्या अभ्यासांत प्रौढ उंचीत सुमारे 0.6 ते 1.8 प्रमाण विचलन इतका लाभ नोंदला गेला आहे, आणि प्रौढांत एक एकक सहा-सात सेंटीमीटरचे असते. लवकर सुरुवात झाली आणि वयात येण्यापूर्वी अधिक वर्षे उपचार मिळाले, तर लाभ जास्त होतो. पीटीपीएन११मध्ये बदल असलेल्या मुलांत तो काहीसा कमी असू शकतो, कारण बाहेरून दिलेल्या संप्रेरकालाही तोच बिघडलेला मार्ग पार करावा लागतो. हे अभ्यास बहुतेक लहान असून प्रौढ वयापर्यंत उपचाराविना ठेवलेल्या तुलनागटाशिवाय झालेले आहेत. उपचार महागडा व कित्येक वर्षे चालणारा असल्याने निर्णय घेण्यापूर्वी कुटुंबाला ही मर्यादा स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

हृदयाचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो. सुमारे एकपंचमांश रुग्णांत हृदयाचा स्नायू अवास्तव जाड होतो, आणि आरएएफ१मध्ये बदल असलेल्यांत हे प्रमाण पुष्कळच अधिक असते. वाढीचे संप्रेरक स्नायूंची वाढही करते, म्हणून तीव्र स्वरूपाचा असा जाडपणा असल्यास हे इंजेक्शन सहसा दिले जात नाही. केवळ झडप अरुंद असलेल्या मुलांना ते देता येते, पण सुरुवातीपूर्वी टूडी एको करून भिंतीची जाडी नोंदवून ठेवावी आणि उपचार सुरू असताना ती नियमितपणे तपासावी. पीटीपीएन११ व केआरएएस यांतील काही बदलांत लहान वयात एका विशिष्ट प्रकारच्या रक्तकर्करोगाचा धोका वाढलेला असतो, म्हणून नेमका कोणता जनुकीय बदल आहे हे उपचारापूर्वी माहीत असणे उपयुक्त ठरते. उपचारादरम्यान रक्तातील साखर, थायरॉइड आणि पाठीचा कणा यांवर लक्ष ठेवावे लागते, कारण जलद वाढीच्या काळात आधीच वाकलेला कणा अधिक वाकू शकतो.

सहा महिन्यांनी किंवा वर्षाने गती अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, तर मात्रा वाढविण्याआधी इंजेक्शन खरोखर रोज दिले जाते का, औषध थंड ठेवले जाते का आणि मुलाचे वजन वाढूनही मात्रा जुनीच राहिली आहे का, हे तपासावे. अपयशाची कारणे बऱ्याचदा येथेच सापडतात. हाडांचे वय जवळपास पूर्ण झाले आणि वार्षिक वाढ दोन सेंटीमीटरच्या खाली गेली, की उपचार थांबविला जातो. हृदयाची देखरेख मात्र तेव्हा थांबवायची नसते. झडपेची गळती किंवा स्नायूचा जाडपणा प्रौढपणीही उद्भवू शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडील कागदपत्रे, जनुकीय अहवाल आणि पहिल्यापासूनचे टूडी एकोचे निष्कर्ष प्रौढांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे सोपवूनच पालकांनी ती फाइल बंद करावी.